पंचाचा निरोप आणि बोलरच्या नावावरची ती विकेट

ताई, सप्रेम नमस्कार.

मुंबईच्या क्लब क्रिकेटमध्ये ३१ सीझन अंपायरिंग केलं. आता गुडघे ऐकत नाहीत, म्हणून थांबतोय. पुढच्या रविवारी आमच्याकडच्या काही क्लबांनी मिळून निरोपाचा कार्यक्रम ठेवलाय. मला सात मिनिटं बोलायचंय, खेळाडूंचे आभार मानायचे आहेत. लिहायला बसलो तर ४३ नावं झाली आणि भाषण काही झालं नाही. दुसरी गोष्ट मनाला जास्त लागलेली आहे. १९९८च्या कांगा लीगमध्ये मी एका मुलाला ४७ वर कॉट बिहाइंड दिला. दोन वर्षांनी कीपरनेच मला सांगितलं, “सर, बॅट नव्हती, पॅडच्या बकलचा आवाज होता.” तो मुलगा त्या दिवशी एक शब्द न बोलता निघून गेला होता. तो रविवारी येणार आहे. सगळ्यांसमोर त्याची माफी मागावी असं फार वाटतं. माझा मुलगा म्हणतो, नको बाबा. आणि ज्याने मला एकदा भर मैदानात आईवरून शिवी दिली, तोही असेल. त्याचेही आभार मानू का?

– एक पंच, दादर

सर,

मैदानावर पंचाला सगळे सर म्हणतात, मीही तेच म्हणते. अकरा सीझन मी तंबूत बसून स्कोअरबुक लिहिलं आहे, त्यामुळे तुमच्या १९९८च्या सामन्याचं पान मला डोळ्यांसमोर दिसतंय. तिथूनच सुरुवात करू. माफीचं काय करायचं ते ठरलं की बाकीचं भाषण मोकळं होईल.

त्या पानावर मुलाच्या नावापुढे ४७ आहेत आणि त्याआधी दोन नावं आहेत, झेल घेणाऱ्या कीपरचं आणि बोलरचं. तुमच्या पत्रात कीपर आहे, बॅट्समन आहे, तुम्ही आहात. बोलर कुठेच नाही. पावसाळ्यातल्या कांगा लीगमधले ४७ म्हणजे काय ते तुम्हाला मी सांगायला नको. उघडी, ओली विकेट, एक चेंडू थांबून येणार आणि दुसरा घोट्याखालून जाणार. आउटफिल्डला एवढं गवत वाढलेलं की चांगला मारलेला कव्हर ड्राइव्ह तीस यार्डांवर निजतो. अशा दिवशी पाय रोवून उभ्या राहिलेल्या बॅट्समनला घालवणं ही त्या बोलरची त्या सीझनमधली सगळ्यात मोठी विकेट असू शकते. त्याने ती इतकी वर्षं घरी, ऑफिसात, मुलांना सांगितली असेल. तुम्ही माईकवरून “तो नॉट आउट होता” म्हणालात, की ती विकेट त्याच्याकडून गेली. आणि तो हॉलमध्येच बसलेला असेल तर त्याला हसून टाळ्याही वाजवाव्या लागतील.

कीपरची अडचण त्याहून मोठी. तुम्ही बकलचा आवाज सांगितलात की मागच्या रांगेतून कोणीतरी त्याला विचारणारच, तुला माहीत होतं तर अपील कशाला केलंस? त्याने दोन वर्षांनी का होईना, एकट्याने येऊन तुम्हाला खरं सांगितलं. त्याने विश्वासाने दिलेली गोष्ट आहे ती. ती स्टेजवरून उघडायची नाही.

तिसरा तो मुलगा. आता चाळिशी ओलांडलेला माणूस असेल. शंभर माणसं वळून त्याच्याकडे बघत असताना तुम्ही हात जोडलेत तर त्याच्याकडे उत्तर एकच उरतं, “जाऊ द्या सर, त्यात काय.” त्याला खरंच तसं वाटत असेल किंवा नसेल. त्याला वेगळं काही वाटायची जागाच तुम्ही ठेवत नाही. खरी माफी मागायची असेल तर समोरच्याला रागावायचीही मोकळीक हवी, आणि ती हॉलमध्ये मिळत नाही. म्हणून तुमच्या मुलाचं बरोबर आहे. माफी मागाच, पण रविवारच्या आधी आणि फक्त त्याच्याकडे. ते कसं, ते शेवटी सांगते.

मग त्या सामन्याबद्दल भाषणात बोलायचंच नाही का? माझं मत उलट आहे. त्याच सामन्यातून तुमचा सगळ्यात चांगला परिच्छेद निघेल, फक्त गोष्ट दुसऱ्या टोकाने सांगायला हवी. १९८०च्या फेब्रुवारीत वानखेडेवर झालेली ज्युबिली टेस्ट आठवा. इंग्लंडचे पाच गडी ५८ धावांत गेलेले. कपिल देवच्या चेंडूवर बॉब टेलरला विकेटकीपरच्या हाती झेलबाद दिलं. स्लिपमध्ये उभ्या असलेल्या कॅप्टन गुंडप्पा विश्वनाथला खात्री होती की बॅट लागलेली नाही. त्याने पंचांना विनंती करून टेलरला परत बोलावलं. टेलर आणि बोथमने १७१ धावांची भागीदारी केली, बोथमने शतक ठोकलं, सामन्यात १३ विकेट्सही काढल्या आणि इंग्लंडने आपल्याला दहा गडी राखून हरवलं. इतक्या वर्षांनी ही गोष्ट सांगताना लोक विश्वनाथचं नाव घेतात. बोट चुकीचं वर गेलं होतं हे गोष्टीत आहेच, पण ते कोणी उगाळत नाही, कारण ही गोष्ट खेळाडूच्या हातून काय घडलं याची आहे.

तुमच्या सामन्यातही खेळाडूच्या हातून काहीतरी घडलंय. तो मुलगा गप्प गेला. याची किंमत हॉलमधल्या निम्म्या लोकांना कळणार नाही, कारण बोट वर केल्यानंतर पंचाच्या डोक्यात काय चालतं हे त्यांनी कधी ऐकलेलं नसतं. बॅट्समन बॅट पॅडवर आपटतो, कंबरेवर हात ठेवून उभा राहतो, जाताना मान हलवत जातो. ते सगळं पंचाच्या अंगावर राहतं. पुढच्या षटकात जोराचं अपील झालं की बोट जड होतं. मनात नसतानाही भरपाई करावीशी वाटते, आणि मग एका चुकीच्या दोन होतात. तंबूतून मी हे पाहिलेलं आहे. एखादा मोठा राडा झाला की पुढची पाच-सात षटकं पंच कशालाच आउट देत नाहीत, सरळ समोर सापडलेल्यालाही नाही. त्या मुलाने तुम्हाला त्यातून वाचवलं. हेच त्याचं तुमच्यावर असलेलं ऋण आहे आणि ते जाहीरपणे सांगता येतं. मी ते असं लिहीन:

“एका पावसाळ्यात चांगला सेट झालेल्या एका मुलाला मी बाद दिलं. त्याला काय वाटलं ते मला त्या दिवशी कळलं नाही, कारण त्याने ते कळू दिलं नाही. त्याने पॅडकडे बोट दाखवलं नाही की माझ्याकडे बघितलं नाही. बॅट काखेत धरली, ग्लोव्हज काढत चालत गेला. पुढचा बॅट्समन आला, त्याने गार्ड मागितला आणि माझा आवाज नेहमीसारखाच निघाला. त्या दिवशी उरलेला सगळा सामना मी स्वच्छ डोक्याने केला, तो त्याच्यामुळे. हे त्याला सांगायचं राहून गेलं होतं.”

यात चूक हा शब्द नाही, बकल नाही, कीपर नाही, बोलरची विकेट जिथल्या तिथे आहे. साल आणि ४७ हा आकडा मी मुद्दाम गाळलाय. मैदानातल्या माणसांना आकडा दिला की सामना लगेच आठवतो. आणि खोटं एक अक्षरही नाही. नियमही तुम्हाला हेच सांगतो ना? निर्णय बदलायचा तर पंचाने तो लगेच बदलावा, नाहीतर दिलेला निर्णय अंतिम. तुम्ही एकतीस सीझन ज्या नियमाने वागलात, निरोपाच्या दिवशीही त्याच नियमाने वागा.

आता त्या ४३ नावांकडे येऊ. नुसतं नाव घ्यायला तीन सेकंद धरले तरी दोन मिनिटं त्यातच गेली, आणि चव्वेचाळिसावा माणूस घरी जाताना खट्टू. तुमची यादी मी पाहिलेली नाही, पण मला वाटतं त्यात तुम्ही चांगले खेळाडू लिहिले असणार. कोण रणजी खेळला, कोणी शतकं काढली. त्यांचे आभार त्यांच्या क्लबांनी मानायचे. त्यांच्या धावांचा पंचाला काय उपयोग? पंचाने आभार मानायचे ते अशा गोष्टींचे, ज्या बावीस यार्डांत झाल्या आणि ज्या फक्त त्याला दिसल्या.

आणि क्लब क्रिकेटमध्ये अशी एक गोष्ट आहे जी मोठ्या सामन्यांतल्या पंचांना या रूपात भेटतच नाही. तुमच्याकडे रीप्ले नव्हता, तिसरा पंच नव्हता. पावसाळ्यात दुसऱ्या स्लिपमध्ये खाली झेल गेला, की बोलरच्या टोकाला उभा असलेला पंच कितीसं बघू शकतो? मध्ये फॉलो थ्रूमधला बोलर, पुढे बॅट्समन, पलीकडे ओलं गवत, आणि चेंडू चिखलाच्याच रंगाचा झालेला. स्क्वेअर लेगच्या जोडीदाराकडे बघावं तर त्याच्या समोर विकेटकीपर. अशा वेळी झेल स्वच्छ होता की टप्पा पडला, याची खात्रीची माहिती अख्ख्या मैदानात एकाच माणसाकडे असते, आणि सामना जिंकण्यात त्याचा स्वार्थ असतो.

मला एक झेल लख्ख आठवतो. क्रॉस मैदान, आदल्या रात्री पाऊस झालेला. गलीतल्या पोराने पुढे झेप घेतली, सगळे नाचत त्याच्याकडे धावले, मी पेन्सिल टेकवली. तो मात्र गुडघ्यावरच बसून राहिला. त्याने उजवा हात वर केला आणि बोटं पसरून दाखवली. बोटांच्या वरच्या बाजूला नखांपर्यंत चिखल, तळव्याला काहीच नाही. हात चेंडूच्या खाली असता तर बोटांची पाठ जमिनीवर घासून मळणारच. पण त्याने सांगितलं ते त्याच्या पुढचं होतं, “सर, बोटांत यायच्या आधी टप्पा पडला.” त्याचा स्वतःचा बोलर जागच्या जागी खाली बसला. बॅट्समन पुढे किती खेळला ते मला आठवत नाही. पंचांनी त्या मुलाकडे बघून नुसती मान हलवली आणि नॉट आउट म्हणाले, ते आठवतं.

तुमच्या एकतीस सीझनमध्ये असे किती हात वर गेले असतील! ४३ नावांच्या शेजारी लिहून बघा, या माणसाने मला कधी असं काही सांगितलं का जे त्याच्या संघाच्या विरुद्ध जाणारं होतं? आतली कड लागून चेंडू पॅडवर आदळल्यावर अपीलच न करणारा कीपर. बाउंड्रीवर दोरीला पाय लागला म्हणून स्वतःच चौकाराची खूण करणारा फील्डर. आझाद मैदानावर तर दोन सामन्यांची मैदानं एकमेकांत शिरलेली, आपला पॉइंट दुसऱ्या सामन्याच्या मिडविकेटला पाठ लावून उभा. तिथे बाउंड्री लागली की नाही हे कितीदा फील्डरच्याच तोंडून कळतं. अशी नावं पाच-सहा उरतील. त्यातली दोन घ्या. ती दोन आणि तुमचा तो बॅट्समन, म्हणजे तीन गोष्टी झाल्या. सात मिनिटांत याहून जास्त बसत नाही. सावकाश बोलणारा माणूस मिनिटाला शंभर-सव्वाशे शब्द बोलतो. मधे टाळ्या पडणार, तुम्ही पाणी पिणार. तेव्हा सहाशे शब्दांवर थांबा.

सुरुवातीला “व्यासपीठावरील सन्माननीय” करत बसू नका, निवेदकाने ते आधीच केलेलं असतं. तुमचं भाषण त्या वाक्याने सुरू करा जे तुम्ही आयुष्यात सगळ्यात जास्त वेळा ऐकलंय, “सर, लेग स्टंप.” बॅट्समन आत येऊन पहिल्यांदा बोलतो तो तुमच्याशी. पहिल्याच सीझनला आलेल्या पोराचा आवाज कसा फुटतो, बॅट कशी थरथरते, मिडल मागायचा विसरून तो “थँक यू सर” कसा म्हणून जातो, हे फक्त समोरच्या टोकाच्या माणसाने पाहिलेलं असतं. तिथून बोलायला लागलात की हॉलमधला प्रत्येक बॅट्समन मनातल्या मनात क्रीजवर उभा राहील, आणि ४३ जणांचे आभार नाव न घेता मानून होतील.

तो बॅट्समनचा परिच्छेद शेवटी ठेवू नका, मधे ठेवा. तिथे तुमचा गळा दाटणार हे पत्रावरूनच कळतं. इंग्लंडचे पंच डिकी बर्ड यांचा शेवटचा कसोटी सामना १९९६ साली लॉर्ड्सवर झाला, इंग्लंड आणि भारत यांच्यातलाच. दोन्ही संघ रांगेत उभे राहिले आणि बर्ड रुमालाने डोळे पुसत मधे गेले. पहिल्याच षटकात श्रीनाथचा चेंडू आथर्टनच्या पॅडवर लागला आणि त्यांनी त्याला पायचीत दिलं. हातात काम होतं म्हणून ते सावरले. तुम्हालाही दाटून आल्यावर लगेच एखादं कोरडं काम लागेल. ते मी देते. त्या परिच्छेदानंतर स्कोअरर आणि माळी यांचे आभार ठेवा. तिथे माहिती सांगायची असते, आवाज आपोआप जागेवर येतो.

स्कोअररबद्दल थोडं जास्त सांगते, मला राहवत नाही. नियमाप्रमाणे स्कोअररने खुणेला उत्तर दिल्याशिवाय पंचाने खेळ पुढे न्यायचा नसतो. घाईतले पंच लेगबाय दाखवून वळतात. एकदा पाऊस आडवा येत होता, तंबूचा पडदा खाली सोडलेला आणि मला मधलं काहीच दिसत नव्हतं. दोन बॉलनंतर पडदा बाजूला केला तर पंच एक पाय उचलून, गुडघ्याला हात लावून तसेच उभे. दोन बॉल झालेच नव्हते, मलाच तसं वाटलं होतं. बोलर रन-अपच्या टोकाला चडफडत होता. मी टॉवेल हलवला, मगच त्यांनी पाय खाली ठेवला. ते पंच तुम्ही नसाल कदाचित, पण तुम्हीही असे उभे राहिला असाल. त्या हलणाऱ्या टॉवेलचे आभार माना. आणि सकाळी सातला रोलर ओढून, भुसा टाकून विकेट खेळण्याजोगी करणाऱ्या माळ्याचंही नाव घ्या. इथे पूर्ण नाव हवं, नुसतं “माळीबुवा” नको.

शिवी देणाऱ्याचं उत्तर छोटं आहे. आभार नकोत आणि टोमणाही नको. त्याचं काय करायचं ते तुम्ही त्या दिवशी कॅप्टनला सांगून, रिपोर्ट लिहून केलं असेल तर ते प्रकरण तिथेच मिटलं. नसेल केलं तर रविवार ही ती जागा नाही. तो स्वतः पुढे येऊन भेटला तर हात मिळवा.

कागदावर मोठ्या अक्षरात लिहून न्या आणि बघून वाचा, कोणाला वाईट वाटत नाही. हॉलमध्ये गुजराती, पारशी, मुसलमान मंडळी असणार, पण मराठीतच बोला. मैदानावर तीस वर्षं त्यांनी तुमची मराठी ऐकली आहे.

आता तो फोन. रविवारी हॉलच्या दारात नको आणि शनिवारी रात्रीही नको, त्यालाही मधे दोन दिवस मिळायला हवेत. सामना कुठला ते सांगा आणि म्हणा, “त्या दिवशी मी चुकलो होतो, मला नंतर कळलं. मला वाईट वाटतं.” कोणी सांगितलं असं त्याने विचारलं तर “कळलं” एवढंच म्हणा. पावसाचं, उजेडाचं, बोलर मधे आल्याचं कारण देऊ नका. मग गप्प राहा. तो हसेल, किंवा म्हणेल की त्या सीझननंतर मला टीममधून काढलं सर. ते ऐकून घ्यायची तयारी ठेवा, आणि समजावायला जाऊ नका. शेवटी विचारा, “रविवारी तुझ्याबद्दल दोन शब्द बोलू का? नाव घेऊ का?” हो म्हणाला तर परिच्छेदात नाव घाला. नाव नको म्हणाला तर वर लिहिलाय तसाच वाचा आणि वाचताना त्याच्याकडे बघू नका. काहीच नको म्हणाला तर तो परिच्छेद काढा आणि उरलेल्या पाच-सहा नावांमधलं एक तिथे घ्या.

आणि त्याला त्या सामन्यातलं काय आठवतंय तेही विचारा. तुम्हाला ४७ आठवतात, त्याला कदाचित दुसरंच काही आठवत असेल.